कुठला आयटम किती मागवायचा आणि कधी? ईओक्यू आणि रीऑर्डर पॉइंटचा हिशोब, उदाहरण ६२०५ बेअरिंग

बेअरिंगवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. शिरोलीला आमचं बेअरिंग, ऑइल सील आणि व्ही बेल्टचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे फौंड्रीवाले, मशीन शॉप, थोडे लूमवाले आणि साखर कारखाने. वडील अंदाजानेच माल मागवायचे आणि तो अंदाज बसायचा, पण तेव्हा आयटम ऐंशी-नव्वद होते, आता चारशेच्या वर गेलेत. परिस्थिती अशी आहे की काही बेअरिंगं तीन तीन वर्षं रॅकवर पडून आहेत आणि ६२०५ सारखा रोज जाणारा माल महिन्या-दोन महिन्यांतून एकदा संपतो, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि जाताना बेल्टपण तिथूनच घेतं.

म्हणून प्रत्येक आयटमला दोन आकडे लावायचे ठरवलंय, एका वेळी किती मागवायचं म्हणजे ईओक्यू, आणि स्टॉक कितीवर आला की मागवायचं म्हणजे रीऑर्डर पॉइंट. उदाहरणाला ६२०५ घेतो. वर्षाला ३६०० नग जातात, दुकान वर्षाला ३०० दिवस चालू, खरेदी १६० रुपये नग. एका ऑर्डरीमागे ट्रान्सपोर्टचं किमान भाडं, हमाली, माल मोजून लावणं असा साधारण ४०० रुपये खर्च. माल ठेवण्याचा खर्च बँकेच्या कॅश क्रेडिटचं म्हणजे सीसीचं व्याज, गोडाऊन, विमा आणि पडून राहणाऱ्या मालाचं नुकसान धरून वर्षाला किमतीच्या २० टक्के धरलाय.

मागच्या दहा ऑर्डरींना माल यायला लागलेले कामाचे दिवस असे: ७, ६, ८, ५, ७, १५, ६, ८, ७, ११.

ईओक्यू ३०० येतो, तो मला जमला. रीऑर्डर पॉइंटला अडलोय. सरासरी आठ दिवस, रोजचे १२ नग, म्हणजे ९६ नगांवर ऑर्डर टाकायची का? कारण तसंच करतोय आणि तरी माल संपतो.

पंपदादा

९६ वर टाकली तर संपणारच की राव. आठ दिवस ही सरासरी आहे, म्हणजे काही ऑर्डरी त्याच्यापेक्षा उशिरा येणार. सोपा नियम आहे, आमच्या साहेबांनी शिकवलेला. सगळ्यात जास्त खपाचा दिवस घ्या, सगळ्यात जास्त लागलेले दिवस घ्या, दोन्हीचा गुणाकार करा, त्या आकड्यावर ऑर्डर टाका. कधीच संपणार नाही. रोजचा जास्तीत जास्त खप किती आहे तुमचा?

बेअरिंगवाला_कोल्हापूर

@पंपदादा, एखाद्या दिवशी २५ जातात. मग २५ गुणिले १५ म्हणजे ३७५?? एका वेळी ३०० मागवायचे आणि ३७५ वर ऑर्डर टाकायची, म्हणजे सगळा पैसा एकट्या ६२०५ मध्येच अडकणार.

अनघा_पी

पंपदादांचं अर्धं बरोबर आहे. सरासरीवर ऑर्डर टाकायची नाही, वर राखीव माल हवा, हे बरोबर. पण त्यांच्या नियमात माल पंधरा दिवस अडकलाय आणि त्या पंधराही दिवशी रोज २५ नगच जातायत असं धरलंय. एखादा दिवस २५ जाईल, लागोपाठ पंधरा दिवस नाही जाणार. काही दिवस जास्त, काही दिवस कमी, एकमेकांना खातात ते. म्हणून चढउतार सरळ गुणायचा नसतो.

मी चाकणला एका कंपनीत मटेरियल प्लॅनिंग बघते, आम्ही असं करतो. दोन वेगळे चढउतार मोजायचे. एक रोजच्या खपाचा, दुसरा माल यायच्या दिवसांचा. तुमच्या दहा ऑर्डरींची बेरीज ८०, सरासरी ८, आणि त्यांचा एसडी, म्हणजे सरासरीपासून किती मागेपुढे होतं तो आकडा, साधारण ३ दिवस येतो (एक्सेलमध्ये STDEV.S ने २.९४). रोजच्या खपाचा एसडी तुम्ही काढलाय का? टॅलीतून तीन महिन्यांची दिवसवार विक्री काढा आणि तेच फंक्शन लावा.

बेअरिंगवाला_कोल्हापूर

काढला. रोजची सरासरी १२ आणि एसडी ५ च्या आसपास.

अनघा_पी

मस्त. आता बघा. माल येईपर्यंतच्या आठ दिवसांत खपाच्या चढउताराचा वाटा म्हणजे ५ चा वर्ग गुणिले ८, २००. दिवसांच्या चढउताराचा वाटा म्हणजे १२ चा वर्ग गुणिले ३ चा वर्ग, १४४ गुणिले ९, १२९६. बेरीज १४९६, वर्गमूळ साधारण ३८.७. ९५ टक्क्यांसाठी १.६५ ने गुणा, ६४ नग. ९६ अधिक ६४, १६०. हा तुमचा रीऑर्डर पॉइंट.

२०० आणि १२९६ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तुमचा त्रास गिऱ्हाइकामुळे नाहीये, माल कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून आहे. बरीच मंडळी फक्त खपाचा चढउतार धरतात. तसं केलं तर राखीव माल २३-२४ नग आणि रीऑर्डर पॉइंट १२० येतो. त्या १२० वर तुम्ही वर्षभर चालवलं तरी माल संपतच राहील आणि तुम्हाला वाटेल विक्रीचा अंदाज चुकतोय.

शीटमध्ये असं टाका. B वर्षाचा खप, C एका ऑर्डरीचा खर्च, D एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च (तुमच्या केसमध्ये ३२ रुपये), F रोजची सरासरी, G सरासरी दिवस, H खपाचा एसडी, I दिवसांचा एसडी.

```
=SQRT(2*B2*C2/D2)
=ROUNDUP(F2*G2+1.65*SQRT(G2*H2^2+F2^2*I2^2),0)
```

रानवारा

+१ अनघा. सेव्ह करून ठेवला.

माळावरचा

एक सांगा, ९५ टक्के म्हणजे शंभरातली पाच गिऱ्हाइकं परत जाणार असंच ना? काउंटरवर बसणाऱ्याला विचारा, वर्षाला १८० नग हातचे गेले तर किती लागतं ते. मी तर ९९ च धरेन.

गणितमास्तर

माळावरचा, तसं नाही. ते ९५ टक्के गिऱ्हाइकांचे नाहीत, ऑर्डरींच्या खेपांचे आहेत. ३०० च्या लॉटने वर्षाला बारा खेपा. त्यातल्या पाच टक्के खेपांमध्ये माल यायच्या आधी रॅक रिकामा होणार, म्हणजे साधारण वीस महिन्यांत एकदा. आणि त्या एका वेळीही तीनशे नग थोडेच कमी पडणार आहेत, पाच-दहा किंवा पंधरा-वीस. सगळ्या खेपांवर वाटून काढलं तर खेपेला सरासरी एक नगसुद्धा कमी पडत नाही, म्हणजे नगांच्या हिशोबाने ९९.७ टक्के माल मिळतोय. ९९ धरायला गेलात तर १.६५ चे २.३३ होतात, राखीव माल ६४ वरून ९० वर जातो. रोज जाणाऱ्या एखाद्या आयटमला करा हवं तर, चारशे आयटमना केलंत तर सीसी पुरायची नाही.

मोठा लॉट घेतला की खेपा कमी होतात आणि संपण्याची वेळही कमी वेळा येते. किती आणि कधी हे दोन आकडे तसे पूर्ण वेगळे नाहीत, ते वेगळे काढायचे ही आपली सोय आहे.

मेडिकल_सातारा

माझं मेडिकल आहे. आमच्याकडे स्टॉकिस्टची गाडी रोज दोनदा येते, सकाळी फोन केला की दुपारी माल. हा फॉर्म्युला लावला तर प्रत्येक औषध किती मागवायचं? आणि एक्सपायरी कुठे धरायची यात?

अनघा_पी

@मेडिकल_सातारा, तुमच्याकडे ऑर्डर टाकायचा खर्च जवळपास शून्य, माल यायला अर्धा दिवस. ईओक्यू काढलात तर आकडा इतका लहान येईल की रोज मागवा हेच उत्तर. तुमचा प्रश्न वेगळा आहे, स्टॉकिस्टकडेच नसेल तर काय, आणि एक्सपायरी. त्याला हा फॉर्म्युला उपयोगाचा नाही, वेगळा धागा काढा, बरेच जण लिहितील.

स्टोअरकीपर९६

मला त्या ४०० रुपयांवर बोलायचंय. ऑर्डर लिहिणाऱ्या पोराचा पगार धरलाय का त्यात? नसेल तर तुमचा खर्च निदान ८०० आहे. आमच्याकडे कॉस्टिंगवाले परचेस ऑफिसचा सगळा पगार भागिले वर्षाच्या पीओ असा आकडा काढतात.

गणितमास्तर

आणि तिथेच चुकतात. तुम्ही वर्षाला बाराऐवजी सहा ऑर्डरी टाकल्यात तर त्या पोराचा पगार अर्धा करणार आहात का? नाही ना? मग तो यात येत नाही. ऑर्डर वाढली की जो खर्च वाढतो तेवढाच धरायचा.

स्टोअरकीपर९६

बारा आणि सहा ठीक आहे मास्तर, एका आयटमचा विचार केला तर. पण चारशे आयटमच्या ऑर्डरी दुप्पट झाल्या तर दुसरा माणूस ठेवावाच लागतो, मी ठेवलाय. मग तो पगार कुठे धरायचा?

गणितमास्तर

हे मान्य, पायरीने वाढणारा खर्च आहे तो. पण त्यावर भांडण्यात फार अर्थ नाही, कारण इथे वर्गमूळ आहे. समजा खरा खर्च ८०० असता, तर ईओक्यू ४२४ आला असता. आणि बेअरिंगवाल्यांनी ४२४ ऐवजी ३०० च मागवले तर त्यांचा ऑर्डर अधिक साठवणुकीचा खर्च ६ टक्क्यांनीच वाढतो. खर्चाचा अंदाज दुपटीने चुकला तरी नुकसान ६ टक्के. हा फॉर्म्युला १९१३ मध्ये हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने मांडला, आणि तो अजून टिकून आहे याचं मोठं कारण मला हेच वाटतं, कच्चे आकडे टाकले तरी तो फार दगा देत नाही.

स्टोअरकीपर९६

तुमचं गणित बरोबर असेल, मी माझ्या माणसाचा पगार धरणारच.

बेअरिंगवाला_कोल्हापूर

मग याचा अर्थ ३०० अगदी ३०० च हवेत असं नाही? कारण कंपनीची स्कीम आलीय, एका वेळी ६०० उचलले तर २ टक्के जादा डिस्काउंट.

अनघा_पी

करून बघू. ३०० ला वर्षाचा ऑर्डर खर्च १२ गुणिले ४०० म्हणजे ४८००, आणि सरासरी १५० नग रॅकवर, ३२ रुपयांनी ४८००. एकूण ९६००. ६०० घेतले तर ऑर्डरी सहा, २४००. सरासरी ३०० नग रॅकवर, किंमत दोन टक्के कमी म्हणून ३१.३६ ने ९४०८. एकूण ११८०८. म्हणजे २२०८ रुपये जास्त गेले. पण वर्षाची खरेदी ५,७६,००० ची, तिचे दोन टक्के ११,५२० वाचले. घ्या ६००.

तुकाचा_हिशोब

थांबा थांबा. एका आयटमला हे बरोबर आहे. पण अशा स्कीमा वीस आयटमला येतात आणि प्रत्येक वेळी कागदावर फायदाच दिसतो. पैसा एकच आहे. सीसी भरली की मग २० टक्के हा आकडा खोटा ठरतो, कारण पुढचा रुपया २० टक्क्याने मिळतच नाही, उधारीवर माल उचलावा लागतो नाहीतर दुसऱ्या आयटमची ऑर्डर थांबते. मी माझ्या दुकानात सगळ्या आयटमचा सरासरी स्टॉक रुपयांत एकत्र मांडतो, आणि बेरीज सीसीच्या बाहेर गेली की तो २० चा आकडा २५ करतो, ३० करतो, बेरीज बसेपर्यंत. सगळे लॉट आपोआप लहान होतात, आणि कुठली स्कीम खरंच घ्यायची ते दिसतं. ६०० घ्यायचे असतील तर आधी ही बेरीज करा.

बेअरिंगवाला_कोल्हापूर

हे कधी केलंच नव्हतं. चारशे आयटमचं करायला रविवार लागेल पण करतो.

कोकणी_मावळा

माझी केस बघा जरा. दुबईहून काही सील मागवतो, घाटात एका कारखान्याला लागतात. माल यायला कामाचे ४५ दिवस. खप रोज १२ सारखाच, ईओक्यूही ३०० च्या आसपास. पण रीऑर्डर पॉइंट ६०० च्या वर येतोय. एका वेळी ३०० येतात तर रॅकवर ६०० कधी होणारच नाहीत, मग रोजच ऑर्डर टाकायची का? सिस्टीममध्ये भरलं तर रोज लाल दिवा.

अनघा_पी

दिवा लागतोय कारण सिस्टीम फक्त रॅक बघतेय. रॅकवरचा माल अधिक वाटेत असलेल्या ऑर्डरी, वजा गिऱ्हाइकाला शब्द दिलेला माल, ही बेरीज ६०० च्या खाली गेली की टाकायची. तुमच्या केसमध्ये ४५ दिवसांत ५४० नग जातात, म्हणजे कायम एक-दोन ऑर्डरी समुद्रात असणारच, ते बरोबरच आहे. सेटिंगमध्ये येणारा माल धरायचा की नाही याचं टिकमार्क असतं, ते बघा.

६२०५ ला हा घोळ होत नाही कारण आठ दिवसांत ९६ जातात आणि लॉट ३०० चा आहे. पण बेअरिंगवाले, तुम्हालाही सांगते, ती १५ दिवसवाली ऑर्डर अडकली होती तेव्हा काउंटरवरच्याने घाबरून दुसरी ऑर्डर टाकली होती का? बऱ्याच दुकानांत असं होतं आणि मग एकदम ६०० नग येऊन पडतात.

बेअरिंगवाला_कोल्हापूर

टाकली होती! तुम्हाला कसं कळलं :D

रानवारा

कारण सगळीकडे हेच होतं :))

ऊसवाला

साखर कारखान्यांचं कुणीच बोललं नाही. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं, मार्च-एप्रिलला पट्टा पडतो, मग पावसाळाभर ओव्हरहॉलिंग. मोठी स्फेरिकल रोलर बेअरिंगं त्याच चार-पाच महिन्यांत जातात, बाकी वर्षभर एखादं इमर्जन्सीला. वर्षाचा खप भागिले ३०० केलंत तर ओव्हरहॉलिंगला कमी पडतील आणि डिसेंबरात रॅक भरलेला असेल. त्यांना हा फॉर्म्युला लावू नका. कारखान्याच्या परचेसला एप्रिलमध्येच यादी मागा.

बेअरिंगवाला_कोल्हापूर

@ऊसवाला, एकदम बरोबर, २२२०० सिरीज मी यातून बाहेरच ठेवणार आहे. यादी देतात, पण टेंडर होईपर्यंत जून उजाडतो.

माळावरचा

परत मूळ मुद्द्यावर. मी तुमच्या दहा ऑर्डरींवर तो १६० चा आकडा चालवून बघितला. रोजचे १२ धरले तर १६० नग तेरा दिवस पुरतात. बाकी नऊ ऑर्डरींत निभावलं. पण १५ दिवसवाल्या ऑर्डरीत १८० लागले असते, २० कमी. म्हणजे दहात एकदा संपला, हे ९० टक्के झाले. ९५ कुठे गेले?

गणितमास्तर

छान पकडलंत. १.६५ हा आकडा चढउतार दोन्ही बाजूंना सारखा आहे असं धरून येतो. माल यायचे दिवस तसे नसतात. पाच दिवसांच्या आधी माल येऊच शकत नाही, पण उशीर पंधरा, वीस, कितीही होऊ शकतो. शेपूट एकाच बाजूला लांब. शिवाय दहा ऑर्डरी म्हणजे फार कमी, एका ऑर्डरीवरून ९० की ९५ हे सांगता येणार नाही. मी असलो तर निदान पंचवीस-तीस ऑर्डरी जमवेन, आणि एसडीवर विसंबण्याऐवजी जुन्या ऑर्डरी एकेक करून आकडा पुरतो का ते असंच चालवून बघेन, जसं तुम्ही केलंत.

अनघा_पी

मी थोडं वेगळं करते. आधी ती १५ का झाली ते विचारा. बिल्टीची तारीख आणि कंपनीचं बिल काढा. माल कंपनीत नव्हता म्हणून उशिरा निघाला, की निघाला वेळेवर आणि ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला पडून राहिला? दोन्हीचा उपाय वेगळा. दिवस मोजतानाही ऑर्डर फोनवर दिली ती तारीख ते रॅकवर लागला ती तारीख असं मोजा, बिलाच्या तारखेपासून मोजलंत तर पहिली अडचण दिसतच नाही.

गणितमास्तर

पण कारण सापडलं म्हणून ती ऑर्डर हिशोबातून काढून टाकू नका. दर वेळी उशिराला काहीतरी कारण असतंच.

अनघा_पी

सगळी नाही काढत. पण कंपनीची स्टॉकटेकिंगची सुट्टी असेल तर ती तारीख आधीच माहीत असते, तिच्यासाठी वर्षभर २० नग जास्त का ठेवायचे? त्या आधी एक ऑर्डर लवकर टाकायची.

बेअरिंगवाला_कोल्हापूर

बिल्ट्या काढल्या. १५ आणि ११ दोन्ही वेळी माल कंपनीतून पाचव्या दिवशी निघाला होता. बाकीचे दिवस भिवंडीच्या ट्रान्सपोर्टवर, आमच्या लाइनची गाडी भरेपर्यंत थांबवून ठेवला. पार्सल लहान म्हणून मागे पडतं. दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याशी बोललो, तो आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी गाडी सोडतो, भाडं पार्सलमागे दीडशे रुपये जास्त सांगतोय.

अनघा_पी

दिवसांचा एसडी ३ वरून १ वर आला असं धरा. १२९६ चे १४४ होतात. बेरीज ३४४, वर्गमूळ साडेअठरा, राखीव माल ३१, रीऑर्डर पॉइंट १२७. म्हणजे ३३ नग कमी ठेवावे लागतात, ३२ रुपयांनी वर्षाला साधारण १०५६ वाचले. दीडशे गुणिले बारा ऑर्डरी म्हणजे १८०० गेले. एकट्या ६२०५ साठी परवडत नाही.

तुकाचा_हिशोब

पण त्या पार्सलमध्ये एकटं ६२०५ थोडंच येतं. त्याच कंपनीचे साठ आयटम त्याच गाडीतून येतात, दीडशे रुपये पूर्ण पार्सलचे आहेत. साठ आयटमचा राखीव माल कमी होतोय.

आणि हेच त्या ४०० रुपयांनाही लागू आहे. साठ आयटम एकत्र येतात तर प्रत्येकाला वेगळे ४०० कसे? एका कंपनीच्या सगळ्या आयटमची ऑर्डर ठरलेल्या दिवशी एकत्र टाकायला हवी. मग प्रत्येकाचा वेगळा ईओक्यू राहतच नाही.

स्टोअरकीपर९६

मग ठरलेल्या दिवशी टाकायची तर रीऑर्डर पॉइंटही बदलला. आज सोमवारी १६५ आहेत म्हणून नाही टाकली, पुढच्या सोमवारपर्यंत ७०-७२ गेले, मग ९३ वर ऑर्डर. आठ दिवसांसोबत मधले सहा दिवसपण धरावे लागतील.

अनघा_पी

बरोबर. एकूण १४ दिवस. नव्या गाडीचा एसडी १ धरला तर १४ गुणिले २५ म्हणजे ३५०, अधिक १४४, वर्गमूळ २२ च्या थोडं वर, राखीव माल ३७. दर सोमवारी रॅक आणि वाटेतला माल मिळून १६८ अधिक ३७ म्हणजे २०५ होतील एवढे मागवायचे. पण यात दर आठवड्याला सगळे साठ आयटम मागवायचे की जड किमतीचे दर आठवड्याला आणि वॉशर-सर्क्लिप महिन्याला, ते तुम्हाला बसून ठरवावं लागेल, त्याचं एका ओळीचं सूत्र माझ्याकडे नाही.

बेअरिंगवाला_कोल्हापूर

ट्रान्सपोर्टवाल्याला दोन महिने चालवून बघतो म्हणून सांगितलंय. तोपर्यंत ६२०५ १६० वरच ठेवतो, एसडी खरंच १ वर येतो का ते दिसल्याशिवाय कमी करत नाही. साठ आयटमची यादी किमतीप्रमाणे लावली, वरच्या बारा आयटममध्येच निम्म्याच्या वर पैसा आहे. आधी तेवढ्या बारांचे एसडी काढतो.

@तुकाचा_हिशोब, ती सीसीची बेरीज करताना राखीव माल पूर्ण धरायचा आणि लॉट अर्धा, असंच ना?

तुकाचा_हिशोब

हो, लॉटचा अर्धा अधिक राखीव माल पूर्ण. ६२०५ चे १५० अधिक ६४, २१४ नग, म्हणजे ३४,२४० रुपये. असं प्रत्येक आयटमचं. आणि ती तीन वर्षं पडलेली बेअरिंगं त्या बेरजेत धरायला विसरू नका, तीपण सीसीतच बसलीयेत.